ॲट्रोपिन छाती ऐकून, पॅम घड्याळ पाहून : ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत दोन औषधांची दोन कामे

कोल्हापूर जिल्ह्यात कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जीप थांबते आणि “डॉक्टर, औषध पोटात गेलंय” असे सांगत नातेवाईक आत शिरतात, तेव्हा कोणते औषध, हा प्रश्न नाडीला हात लावता लावताच विचारावा लागतो. ऊसपट्ट्यात या प्रश्नाचे एक नेहमीचे उत्तर म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी किडीसाठी आळवणी करायला आणलेले क्लोरपायरीफॉस. हे ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातले कीटकनाशक आहे आणि या वर्गाच्या विषबाधेवर दोन औषधे वापरली जातात : ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम, म्हणजे वॉर्डातल्या बोलीत ‘पॅम’. दोन्ही एकाच ट्रेमधून येतात, एकाच रुग्णाला दिली जातात आणि त्यामुळे ती एकच काम करतात असा समज नवख्या डॉक्टरांत सहज रुजतो. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी, मोजमापे वेगळी आणि मर्यादाही वेगळ्या आहेत. हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातील व ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, इंटर्न आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. यातील मात्रा प्रौढ रुग्णाच्या असून त्या शिरेतून आणि देखरेखीखालीच द्यायच्या आहेत.

आत नेमके काय अडते

मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला, ग्रंथीला किंवा हृदयाला निरोप पोहोचवणारे एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. निरोप पोहोचला की ते ताबडतोब नष्ट व्हावे लागते आणि ते काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर करते. या विकराच्या खोबणीत सेरीन नावाचा एक घटक असतो. ॲसिटिलकोलीनचा रेणू तिथे अडकतो, तुटतो आणि खोबणी पुन्हा मोकळी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट याच सेरीनला आपला फॉस्फरस चिकटवते. खोबणी बुजते, ॲसिटिलकोलीन साचत जाते आणि थांबायला हवे असलेले निरोप अखंड चालू राहतात.

आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे उदाहरण इथे चपखल बसते. विकर म्हणजे बंधाऱ्याची मोकळी गाळी, ज्यातून पाणी निघून जाते. विष म्हणजे त्या गाळीत घातलेली लाकडी फळी, म्हणजेच बरगा. पाणी तुंबते आणि काठच्या घरांत शिरते. ॲट्रोपिन बरग्याला हातही लावत नाही. ते घरांच्या उंबऱ्यावर वाळूच्या पोत्यांसारखे बसते. बाहेर पाणी तेवढेच असते, पण आत शिरत नाही. पॅम मात्र आकड्यासारखे थेट बरग्याला भिडते आणि तो ओढून गाळी मोकळी करते. लाकडी बरगा फार वेळ पाण्यात राहिला की फुगून खाचेत घट्ट बसतो आणि मग कोणताच आकडा त्याला हलवू शकत नाही. विकराच्या बाबतीतही असेच घडते : चिकटलेल्या फॉस्फेटवरचा एक अल्किल गट गळून पडतो आणि बंध कायमचा होतो. या प्रक्रियेला ‘एजिंग’ म्हणतात. तिथून पुढे पॅम निरुपयोगी ठरते आणि शरीराला नवे विकर तयार होईपर्यंत थांबावे लागते.

वाळूच्या पोत्यांची एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिसऱ्या दिवशी तीच आडवी येते. ॲसिटिलकोलीनचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, मुख्यतः दोन प्रकारचे असतात. लाळ, घाम, श्वासनलिकेतला स्राव, आतडी, बाहुली आणि हृदय यांवरचे ग्राहक मस्कारिनिक असतात आणि ॲट्रोपिन तिथेच बसते. हातापायांचे, मानेचे आणि श्वासाचे स्नायू निकोटिनिक ग्राहकांवर चालतात. त्या उंबऱ्यांना ॲट्रोपिनची पोती बसतच नाहीत. म्हणून ॲट्रोपिन कितीही दिले तरी थरथरणारा किंवा लुळा पडलेला स्नायू त्याने सुधारत नाही.

पहिली दहा मिनिटे

उदाहरणासाठी एक रुग्ण घेऊ. तो कोणी एक माणूस नाही, अनेक रुग्णांवरून बेतलेला आहे. करवीर तालुक्यातला ४२ वर्षांचा शेतकरी, वजन ६० किलो. गोठ्यातल्या कोनाड्यात थंड पेयाच्या जुन्या बाटलीत काढून ठेवलेले क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी त्याने तिन्हीसांजेच्या अंधारात चुकून घोटभर प्यायले. सुमारे अडीच तासांनी, रात्री ८ वाजून १० मिनिटांनी, तो रुग्णालयात पोहोचतो. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी ५४, रक्तदाब ९० वर ६०, ऑक्सिजन ८४ टक्के. स्टेथोस्कोप लावल्यावर दोन्ही बाजूंना कढईत पाणी खदखदावे तसा आवाज. मांडीच्या कातडीखाली स्नायू अळ्यांसारखे वळवळताना दिसतात. हे शेवटचे लक्षण निकोटिनिक आहे, ते मनात नोंदवून ठेवावे.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडातला स्राव सक्शनने काढावा, ऑक्सिजन लावावा आणि दोन जाड सलाईन लाइन घ्याव्यात. ऑक्सिजन आधी सुधारल्याशिवाय ॲट्रोपिन देऊ नये, असे जुन्या शिकवणीत सांगितले जाई. त्या नियमात अडकून बसू नये, कारण छातीतले पाणी ॲट्रोपिननेच आटणार असते आणि ते आटल्याशिवाय ऑक्सिजन वाढणे अवघड. ऑक्सिजन नसला तरी ॲट्रोपिन थांबवायचे नाही. कपडे उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. मात्र हे सगळे पहिले ॲट्रोपिन गेल्यानंतर किंवा दुसऱ्या हातांनी, समांतर चालले पाहिजे. पोट धुण्याचा आग्रह मी धरत नाही. तासाभराच्या आत आलेला आणि श्वासनलिका सुरक्षित असलेला रुग्ण सोडला, तर त्यातून फायद्यापेक्षा कीटकनाशक फुप्फुसात जाण्याचा धोकाच मोठा. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याच्या प्रकाराबद्दलही हेच.

नातेवाईकांपैकी एकाला बाटली आणायला परत पाठवावे. इथे बाटलीवर लेबलच नव्हते. रुग्णाचा भाऊ एवढेच सांगतो, “पाण्यात वतलं की दुधासारखं होतंय बघा, हुमणीचं हाय.” दुधाळ होणे हा ईसी प्रकारच्या कोणत्याही द्रावणाचा गुण आहे, त्यावरून वर्ग ठरत नाही. पण मूळ डबा सापडला तर रासायनिक नाव मिळते आणि पॅमच्या निर्णयाला ते नाव लागते. ॲट्रोपिनला ते लागत नाही. लक्षणे दिसतात ना, मग सुरू करावे.

ॲट्रोपिन : दुप्पट, पाच मिनिटे, पुन्हा छाती

आपल्याकडे ॲट्रोपिनची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची येते. सुरुवात ३ ते ५ ॲम्प्यूलनी, म्हणजे १.८ ते ३ मिलिग्रॅमनी करायची. पाच मिनिटांनी पाच गोष्टी पाहायच्या : छाती दोन्ही बाजूंना स्वच्छ झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, वरचा रक्तदाब ८० च्या वर आहे का, काखा कोरड्या झाल्या का आणि बाहुल्या टाचणीसारख्या राहिल्या नाहीत ना. सुधारणा नसेल तर आधीच्या मात्रेच्या दुप्पट. पुन्हा पाच मिनिटे. सुधारणा सुरू झाली की दुप्पट करणे थांबवून तेवढीच किंवा त्याहून लहान मात्रा द्यायची.

आपल्या रुग्णाला ८ वाजून १५ मिनिटांनी ३ ॲम्प्यूल दिल्या. ८.२० ला नाडी ५८, छाती जशीच्या तशी. मग ६ ॲम्प्यूल. ८.२५ ला नाडी ६४, छातीत फरक नाही. मग १२ ॲम्प्यूल. या टप्प्यावर सिस्टर एकदा तुमच्या तोंडाकडे पाहतात, कारण एरवी शस्त्रक्रियेआधी एक ॲम्प्यूल दिली जाते आणि इथे ट्रेमध्ये फुटलेल्या काचांचा ढीग झालेला असतो. म्हणून मात्रा मोठ्याने सांगावी आणि कागदावर वेळेसह लिहावी. ८.३० ला नाडी ९६, रक्तदाब १०४ वर ७०, काखा कोरड्या होत आलेल्या, छातीतला आवाज कमी पण पूर्ण गेलेला नाही. आता २४ नव्हे, ६ ॲम्प्यूल पुरेत. ८.३५ ला नाडी १०८ आणि छाती स्वच्छ. फक्त उजवीकडे खाली एका तळहाताएवढ्या जागेत करकर उरलेली आहे.

इथेच अनेकांची चूक होते. उरलेल्या आवाजाचा पाठलाग करत ॲट्रोपिन वाढवत नेले, तर रुग्ण भ्रमिष्ट होतो आणि आवाज तसाच राहतो. ॲसिटिलकोलीनचा स्राव दोन्ही फुप्फुसांत सारखा असतो. बाकी छाती कोरडी आणि एकाच तळाला करकर, म्हणजे उलटीतले द्रव आणि त्यातले द्रावक तिकडे गेले आहे. त्याच्यावर उपाय ॲट्रोपिन नाही. उलट चूकही होते : नाडी आधीच ११० आहे म्हणून ॲट्रोपिन दिलेच जात नाही. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे किंवा निकोटिनिक परिणामामुळेही नाडी वाढते, त्यामुळे छाती ओली असेल तर वाढलेली नाडी ही थांबण्याची खूण नाही. बाहुल्यांवरही फार विसंबू नये. त्या उशिरा बदलतात आणि डोळ्यात कीटकनाशक उडाले असेल तर बराच काळ लहानच राहतात. पाचांपैकी एकच खूण निवडायची झाली, तर मी छाती निवडीन.

हिशेब करू : ३, ६, १२ आणि ६ मिळून २७ ॲम्प्यूल, म्हणजे १६.२ मिलिग्रॅम, वीस मिनिटांत. हेच ‘दर पंधरा मिनिटांनी एक ॲम्प्यूल’ या जुन्या रिवाजाने दिले असते, तर शेवटची ॲम्प्यूल जायला साडेसहा तास लागले असते आणि तोवर रुग्ण स्वतःच्याच स्रावात बुडाला असता. बांगलादेशात या दोन पद्धतींची तुलना करणारी चाचणी झाली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीच्या गटात मृत्यू २२.५ टक्के होते, तर दुपटीने वाढवून पुढे सलग धार ठेवलेल्या गटात ८ टक्के.

सलग धार म्हणजे लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला. १६.२ चे १५ टक्के धरले तर सुमारे २.४ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ४ ॲम्प्यूल. सिरिंज पंप असेल तर ४० ॲम्प्यूल आणि १० मिलिलिटर सलाईन मिळून ५० मिलिलिटर करावे. त्यात २४ मिलिग्रॅम असते आणि ताशी ५ मिलिलिटरचा वेग बसतो. ही धार क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. ते चरबीत मुरते, यकृतात त्याचे अधिक विषारी ऑक्सॉन रूप होते आणि ते दिवसेंदिवस थोडे थोडे रक्तात येत राहते. संध्याकाळी कोरडी झालेली छाती पहाटे पुन्हा ओली होऊ शकते, म्हणून पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी आणि नंतर तासातासाला छाती ऐकावी.

जास्त झाल्याच्या खुणाही तितक्याच ठळक असतात. पहाटे तीन वाजता आपला रुग्ण चादरीवरून न दिसणारे काहीतरी वेचू लागतो. ताप ३८.५, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा आवाज नाही, ओटीपोटात मूत्राशय भरून वर आलेले. अंग गरम, पोट गप्प आणि माणूस बरळतोय, ही त्रयी दिसली की धार थांबवायची. इथे ४५ मिनिटे थांबवून, ताप उतरू लागल्यावर आणि पोट बोलू लागल्यावर ती पुन्हा ८० टक्के वेगाने, म्हणजे ताशी ४ मिलिलिटरने सुरू केली. बरळणाऱ्या रुग्णाला पलंगाला बांधून धार तशीच चालू ठेवणे ही घोडचूक. त्याची धडपड ताप आणखी वाढवते. झटके आले तर डायझेपाम १० मिलिग्रॅम शिरेतून, सावकाश.

पॅम : कोणत्या विषाला किती वेळ आहे

पॅमच्या रेणूत दोन उपयोगी भाग आहेत. त्यातला धनभारित नायट्रोजन त्याला विकराच्या खोबणीत योग्य जागी नेऊन बसवतो आणि त्याचा ऑक्सिम गट फॉस्फरसवर हल्ला करून त्याला सेरीनपासून सोडवतो. फॉस्फरस पॅमबरोबर निघून जातो, विकर मोकळे होते आणि निकोटिनिक बाजूसह सगळीकडचे ॲसिटिलकोलीन आटू लागते. म्हणजे स्नायूंची ताकद परत आणण्याची कुवत कागदावर तरी फक्त पॅमकडे आहे.

पण बरगा फुगण्याआधी. फुगायला किती वेळ लागतो, हे फॉस्फरसला कोणते गट जोडलेले आहेत यावर ठरते. डायमिथोएट, मोनोक्रोटोफॉस, मॅलॅथिऑन ही डायमिथिल जातीची. त्यांत अडकलेल्या विकरापैकी निम्मे सुमारे ३.७ तासांत कायमचे बंद होते. बारा तासांनी आलेल्या रुग्णात पॅमला सोडवण्यासारखे फारसे काही उरत नाही. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही डायइथिल जातीची. इथे निम्मे बंद व्हायला साधारण ३३ तास लागतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पॅमला वाव असतो. प्रोफेनोफॉसची रचना या दोन्हींहून वेगळी आहे आणि ते पॅमला फारसे दाद देत नाही. बाटलीसाठी माणूस परत पाठवायचा, तो यासाठी. गगनबावड्याहून शहरापर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर पावसाळ्यात पार करून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत घड्याळ प्यायल्याच्या क्षणापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नव्हे.

आपल्या रुग्णाला तीनच तास झाले आहेत आणि भावाने आणलेल्या मूळ डब्यावर क्लोरपायरीफॉस लिहिले आहे. म्हणजे पॅम द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मात्रा आधी ३० मिलिग्रॅम प्रतिकिलो आणि मग ताशी ८ मिलिग्रॅम प्रतिकिलो अशी आहे. साठ किलोला १८०० मिलिग्रॅम, म्हणजे व्यवहारात २ ग्रॅम. ते १०० मिलिलिटर सलाईनमध्ये घालून २० ते ३० मिनिटांत द्यायचे आणि पुढे ताशी सुमारे ५०० मिलिग्रॅमची धार ठेवायची. व्हायलवर क्लोराइड लिहिले आहे की आयोडाइड, हे जरूर वाचावे. वरची मात्रा क्लोराइडची आहे आणि १ ग्रॅम क्लोराइडमध्ये असते तेवढे औषध मिळायला सुमारे १.५ ग्रॅम आयोडाइड लागते. २ ग्रॅम पॅम सिरिंजने एकदम ढकलू नये. उलटी, वाढलेला रक्तदाब, घशाची आकडी आणि प्रसंगी हृदय बंद पडणे हे घाईचे परिणाम आहेत. छाती ॲट्रोपिनने कोरडी होऊ लागल्याशिवाय पॅमला हात घालू नये आणि पॅम सुरू झाले म्हणून ॲट्रोपिन कमीही करू नये.

पॅमचा फायदा किती, यावर मतभेद खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बारामतीत २०० रुग्णांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सगळ्यांना आधी २ ग्रॅम दिले गेले. नंतर ४८ तास ताशी १ ग्रॅमची धार मिळालेल्या गटात मृत्यू १ टक्का होते, तर दर चार तासांनी १ ग्रॅम मिळालेल्या गटात ८ टक्के. श्रीलंकेत २३५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र रक्तातले विकर मोकळे झाले, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. माझे मत असे की डायइथिल विष, लवकर आलेला रुग्ण आणि धार चालवण्याची सोय असेल तर पॅम द्यावे. उशिरा आलेल्या डायमिथिल रुग्णाला ते मिळावे म्हणून अर्ध्या रात्री नातेवाईकांना औषधांची दुकाने पालथी घालायला लावू नये. त्याच पैशात ॲट्रोपिन भरपूर येते. मेथोमिल, कार्बोफ्युरान ही कार्बामेट असतील तर ॲट्रोपिन याच पद्धतीने द्यावे. तिथला बरगा आपोआप निघतो, त्यामुळे पॅमची सहसा गरज नसते.

कोरडी छाती आणि न उचललेली मान

दाखल झाल्यानंतर ३८ तासांनी चित्र छान दिसते. नाडी ९२, छाती स्वच्छ, बाहुल्या मध्यम, रुग्ण भावाशी बोलतो आहे. अशा वेळी त्याला उताणे झोपवून एकच सांगायचे : उशीवरून डोके उचला आणि धरून ठेवा. आपल्या रुग्णाचे डोके दोन बोटेही उठत नाही. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तर काल २२ पर्यंत गेलेला माणूस आज ९ वर थांबतो. ऑक्सिजन अजून ९६ टक्के आहे, त्यामुळे मॉनिटर काहीच बोलत नाही.

ही इंटरमीडिएट सिंड्रोम आहे. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि कारल्लियड्डे यांनी १९८७ मध्ये तिचे वर्णन केले. साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान, खांदे, मांड्या आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू ढिले पडतात. हे निकोटिनिक उंबरे आहेत, म्हणून ॲट्रोपिनचा इथे उपयोग नाही, आणि पॅम चालू असतानाही ती येऊ शकते. आकडा घसरू लागला की दमण्याची वाट न पाहता नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा, किंवा सोय नसेल तर ऑक्सिजन चांगला असतानाच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाकडे १०८ मधून, ॲम्प्यूल आणि अंबू बॅग सोबत देऊन हलवायचे. नळी घालताना सक्सिनिलकोलीन टाळावे. ते मोडणारे विकरही याच विषाने बंद पडलेले असते, त्यामुळे एरवी मिनिटांत उतरणारा परिणाम तासन्‌तास राहतो.

आपला रुग्ण आठ दिवस व्हेंटिलेटरवर राहिला. ॲट्रोपिनची धार रोज थोडी उतरवत पाचव्या दिवशी थांबली आणि त्यानंतर २४ तासांनी पॅम बंद केले. नळी काढण्याआधी पुन्हा तीच परीक्षा घेतली. त्याने डोके उचलले आणि दहा सेकंद धरले. घरी जाताना त्याला दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे, कारण क्लोरपायरीफॉसनंतर पायात मुंग्या येऊन चवडे लोंबू लागण्याचा उशिरा येणारा प्रकार याच सुमारास दिसतो. टाचांवर चालता येते का, एवढे पाहिले तरी तो पकडता येतो.